वर्षभर सबस्क्रिप्शनची गाडी: किलोमीटर, विमा आणि मध्येच बदललेली गाडी

कंपनीने मला दुसऱ्या शहरातल्या प्रकल्पावर पाठवायचं ठरवलं, तेव्हा मुक्कामाची मुदत कुणीच ठामपणे सांगत नव्हतं. "सहा महिने तर नक्की, वर्षही होईल, पुढचं पुढे बघू," एवढंच उत्तर मिळालं. १ मार्चला तिकडे रुजू व्हायचं होतं आणि ऑफिसला जायला गाडीशिवाय सोय नव्हती. त्यामुळे फेब्रुवारीचा जवळजवळ सगळा महिना एकाच प्रश्नात गेला: गाडी विकत घ्यायची, ठरलेल्या काही वर्षांसाठी भाड्याने म्हणजे लीजवर घ्यायची, की विमा आणि सर्व्हिसिंग धरून दर महिन्याला एकच रक्कम भरायची अशा सबस्क्रिप्शनवर? वर्ष संपलं, गाडी परत केली, डिपॉझिटही हातात आलं. त्या काळात मला जे कुठेच एका जागी वाचायला मिळालं नाही ते इथे लिहिते आहे. कुणी आत्ता याच विचारात असेल तर उपयोग होईल.

किमती देशागणिक आणि मॉडेलगणिक बदलतात. म्हणून मी हिशेब रकमेत न देता हिश्श्यांत देते. मी जी छोटी गाडी बघत होते तिची सगळ्या करांसकट किंमत १०० धरा. पुढचे सगळे आकडे त्या १०० च्या तुलनेत आहेत. तुमच्या गाडीची किंमत घातलीत की आकडा तुमचा होईल, फक्त व्याजदर, घसारा आणि गाडी देणाऱ्या कंपनीचे दर तुमच्याकडचे तपासून घ्या.

पहिली गोष्ट समजली ती अशी की तिन्ही पर्यायांचे महिन्याचे हप्ते शेजारी ठेवून काहीच कळत नाही. लीजचा हप्ता सगळ्यात कमी दिसत होता, १.८३. कर्जाचा हप्ता त्याच्या आसपास. सबस्क्रिप्शन वर्षाच्या करारावर ३ आणि सहा महिन्यांच्या करारावर ३.३. नुसतं हे बघितलं तर सबस्क्रिप्शन घेणं वेडेपणाच वाटतो. पण लीजच्या हप्त्यात विमा आणि सर्व्हिसिंग नव्हतं. कर्जाच्या हप्त्यात तर तेही नव्हतं आणि गाडी विकताना बसणारा फटकाही नव्हता. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारला: अमुक महिन्यांनी मी गाडीतून पूर्ण मोकळी झाले, तर सुरुवातीपासून तोवर खिशातून एकूण किती गेलेलं असेल?

विकत घेण्याचा हिशेब असा मांडला. ८० कर्ज, ९ टक्के व्याज, २० स्वतःचे. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने पडते, पुढे तो वेग मंदावतो. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एक वर्ष वापरलेली तीच गाडी ७८ च्या आसपास दिसत होती, म्हणजे घसारा २२. त्यात वर्षाचा विमा ३.५, सर्व्हिसिंग दीड, व्याज ६.६ आणि कर्ज मुदतीआधी फेडण्याचं शुल्क २ मिळवलं की बारा महिन्यांचा एकूण खर्च ३५.६ होतो. सहा महिन्यांतच विकावी लागली तर २५ च्या आसपास जातात, कारण घसाऱ्याचा मोठा भाग शोरूममधून बाहेर पडतानाच बसलेला असतो. आणि तीन वर्षं ठेवली तर सगळं मिळून ७४, म्हणजे महिन्याला जेमतेम २ हून थोडं जास्त.

लीजमध्ये कंपनी तीन वर्षांनंतरची किंमत आधीच धरून चालते. माझ्या कोटेशनमध्ये ती ५५ होती. १०० मधून ५५ वजा करून उरलेले ४५ छत्तीस महिन्यांत वाटले की महिन्याला १.२५. वर व्याज, जे १०० आणि ५५ च्या सरासरीवर लागतं, ते ०.५८. झाला १.८३ चा हप्ता. विमा आणि सर्व्हिसिंग धरून २.२५. तीन वर्षं पूर्ण केली तर ८१, हे अगदीच वाईट नाही. पण बारा महिन्यांनी सोडायची वेळ आली तर उरलेल्या चोवीस हप्त्यांच्या निम्मी रक्कम एकदम भरायची, असं कलम होतं. म्हणजे २७ अधिक २२, एकूण ४९. ज्याला मुदत माहीत नाही त्याला लीज का परवडत नाही, ते या एका कलमात आहे. लीजचं कोटेशन हातात आलं की आधी मुदतपूर्व समाप्तीचं पान उघडा, हप्ता नंतर बघा.

सबस्क्रिप्शनचे सहा महिने २० आणि बारा महिने ३६. तीन वर्षं तेच चालवलं, तर लांब मुदतीचा कमी दर धरूनही १०१ होतात. म्हणजे माझ्या आकड्यांत एका वर्षाच्या आसपास सबस्क्रिप्शन आणि खरेदी सारख्यावर येतात. त्याच्या अलीकडे सबस्क्रिप्शन स्वस्त, पलीकडे खरेदी, आणि अंतर दर महिन्याला वाढत जातं. माझी मुदत नेमकी या रेषेवर लोंबकळत होती. वर्षाच्या करारात एक सोय होती: सहा महिन्यांनंतर तीस दिवसांची नोटीस देऊन सोडता येईल, फक्त तोपर्यंतच्या महिन्यांना कमी मुदतीचा जास्त दर लागेल. म्हणजे सहाव्या महिन्यात सोडलं तर महिन्यामागे ०.३ प्रमाणे १.८ जादा. ही रक्कम सहन होण्यासारखी होती, म्हणून मी वर्षाचा करार केला.

अर्ज फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केला. वाहन परवान्याच्या दोन्ही बाजू, ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती. कर्जासारखीच पत तपासली जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नव्या पत्त्याचा भाडेकरार अजून झालेला नव्हता, त्यामुळे अर्ज आठवडाभर अडकून राहिला आणि शेवटी माझ्या ऑफिसचं बदलीचं पत्र चाललं. सुरुवातीला भरायचं होतं ते तीन प्रकारचं: डिपॉझिट म्हणून दोन महिन्यांची रक्कम, पहिला महिना आणि गाडी घरपोच देण्याचे ०.५. डिपॉझिट परत मिळतं, घरपोचीचं मिळत नाही. ते दर महिन्याच्या दरात दिसत नाही, पण हिशेबात धरावं लागतं.

अर्जातच किलोमीटरचं पॅकेज निवडावं लागतं. महिन्याला १२५० किलोमीटर दरात धरलेले होते. ०.२५ जास्त भरले की १७५०. पॅकेजपलीकडच्या प्रत्येक १००० किलोमीटरला ०.७. विक्री प्रतिनिधीचा आग्रह मोठ्या पॅकेजचा होता, "मॅडम, नंतर ताप नको," म्हणून. मी कागद घेऊन बसले. ऑफिस घरापासून २२ किलोमीटर, येऊन-जाऊन ४४, महिन्यात बावीस कामाचे दिवस, म्हणजे ९६८. बाकीची वर्दळ दोन-अडीचशे. बाराशेच्या आसपास. आणि मोठं पॅकेज परवडायला लागतं कधी? ०.२५ ला ०.७ ने भागलं की साधारण ३६० किलोमीटर. म्हणजे दर महिन्याला १२५० च्या वर सरासरी ३६० पेक्षा जास्त जाणार असेन तरच मोठं पॅकेज स्वस्त. त्याहून कमी जादा झालं तर जादाचे पैसे भरणंच परवडतं. मी लहान पॅकेज घेतलं. हा भागाकार दोन मिनिटांचा आहे, पण तो करण्यासाठी जादा किलोमीटरचा दर कोटेशनमध्ये लेखी असायला हवा. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये तो नव्हता, "करारातील दरपत्रकानुसार" असं लिहिलं होतं. ते दरपत्रक मागून घेतल्यावरच मी पुढे गेले.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे. किलोमीटरचा हिशेब दर महिन्याला होतो की शेवटी एकदम? काही करारांत प्रत्येक महिना सुटा असतो. या महिन्यात ८०० फिरलात तर उरलेले ४५० गेले, पुढच्या महिन्यात १६०० झाले तर ३५० चे पैसे द्या. एखादा महिना सुट्टीवर जाणाऱ्याला हे फार महागात पडतं. माझ्या करारात हिशेब गाडी परत करताना एकदम होणार होता, तेवढ्या महिन्यांचे किलोमीटर एकत्र धरून. मला ते बरं वाटलं. पण "गाडी परत करताना" हे तीन शब्द मी पेन्सिलने अधोरेखित करून ठेवले होते, आणि त्यांचा अर्थ पुढे जुलैत कळला.

गाडी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी आली. ती चालवत आणलेली होती, आणि ओडोमीटरवर आणणाऱ्याचे किलोमीटर आधीच पडलेले होते. ताबा घेतानाच्या फॉर्मवर त्याने डेपोतून निघतानाचा आकडा लिहिला होता. तो खोडून माझ्या दारातला आकडा लिहून घेतला आणि दोघांनी सही केली. फरक जेमतेम १४० किलोमीटरचा, पण माझ्या पॅकेजमधून ते जायचं कारण नव्हतं. गाडीचे फोटो उजेडात, कोरड्या अंगावर काढा. ओल्या किंवा धुळकट गाडीवर बारीक ओरखडे लपतात आणि परत करताना ते तुमच्या नावावर निघतात. चारही चाकांच्या रिमचे जवळून फोटो, पुढची काच, बंपरचे खालचे कोपरे, छत आणि चालू स्थितीतला डॅशबोर्ड एवढं पुरतं. मला मागच्या उजव्या रिमवर घासल्याची खूण सापडली आणि ती फॉर्मवर नोंदवून घेतली.

आता विमा. "विमा समाविष्ट" हे दोन शब्द जाहिरातीत सगळ्यात ठळक असतात, आणि ते खोटे नाहीत. पण त्यांच्या आत तीन गोष्टी बघायच्या असतात. एक, डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक नुकसानीत आधी आपण भरायचा हिस्सा. माझ्या करारात तो २ होता. म्हणजे दुरुस्ती २ च्या आत असेल तर समाविष्ट विम्याचा मला काडीचाही उपयोग नाही, पूर्ण खर्च माझा. आणि रोजच्या वापरात होणारं बहुतेक नुकसान, बंपरचा ओरखडा, आरसा, दाराला पडलेला पोचा, हे त्या आतच असतं. महिन्याला ०.१२ जादा भरून हा हिस्सा ०.८ वर आणता येत होता. मी तो घेतला, कारण नव्या शहरात अनोळखी रस्ते आणि भूमिगत पार्किंगचे अरुंद खांब रोजचे होणार होते.

दोन, काय वगळलं आहे. टायर आणि रिम, गाडीची खालची बाजू, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसान आणि नोंद नसलेल्या चालकाच्या हातून झालेला अपघात, हे सगळं बाहेर होतं. शेवटचं सगळ्यात धोक्याचं. नवरा अधूनमधून गाडी चालवणार होता, म्हणून त्याचा परवाना देऊन त्याचं नाव जादा चालक म्हणून घालून घेतलं. त्याला वेगळे पैसे लागले नाहीत, पण नाव नसताना काही झालं असतं तर विमाच लागू झाला नसता.

तीन, डिडक्टिबल कशाला लागतो: वर्षाला, दाव्याला की प्रत्येक घटनेला? माझ्या करारात प्रत्येक घटनेला. म्हणजे गाडी परत करताना डाव्या दारावर एक पोचा आणि मागच्या बंपरवर वेगळा ओरखडा निघाला तर त्या दोन घटना, दोन वेळा ०.८. म्हणून काहीही झालं की त्याच दिवशी कळवून तारीख लावून घेणं बरं. शेवटी एकत्र सापडलेल्या गोष्टींची विभागणी तपासणारा करतो, आपण नाही.

मे महिन्यात हे प्रत्यक्ष अनुभवलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी कुणीतरी घासून निघून गेलं. मागच्या दारापासून चाकावरच्या पत्र्यापर्यंत लांब ओरखडा, आत पांढरा प्रायमर दिसत होता. करारात ४८ तासांत कळवायची अट होती. मी त्याच संध्याकाळी फोटो आणि जागेचा तपशील पाठवला आणि पोलिसांकडे नोंद केली, कारण धडकून पळालेल्या वाहनाच्या बाबतीत त्याची प्रत मागतात. इमारतीच्या सुरक्षा कार्यालयाकडे कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, पण तो कोपरा कॅमेऱ्यात येत नव्हता. दुरुस्ती कंपनीने ठरवलेल्या वर्कशॉपमध्येच करायची असते. बाहेर स्वस्तात करून घेणं करारभंग ठरतं, कारण गाडी आपली नाही. वर्कशॉपची तारीख दहा-बारा दिवसांनी मिळाली, तोवर तशीच चालवली. दुरुस्तीचं बिल १.४ झालं. त्यातले ०.८ माझे, बाकी विम्याचे. कमी केलेला डिडक्टिबल नसता तर सगळे १.४ माझेच गेले असते.

इथे खरेदी आणि लीजशी फरक सांगायला हवा. गाडी माझी असती तर मला विमा कंपनी आणि वर्कशॉप निवडता आलं असतं, आणि दावा न करता घालवलेल्या वर्षांची सवलत माझ्या नावावर साठली असती. सबस्क्रिप्शनमध्ये पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, त्यामुळे वर्षभर नीट चालवूनही ती सवलत आपल्याकडे येत नाही. उलट बाजूने, गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी त्या दिवसाची बाजारकिंमत देते, आणि कर्ज किंवा लीजची बाकी सुरुवातीच्या काळात त्याहून जास्त असू शकते. मधली दरी मालकाला किंवा लीज घेणाऱ्याला भरावी लागते, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. सबस्क्रिप्शनमध्ये ती दरी कंपनीची, माझ्यावर फक्त डिडक्टिबल. पहिल्या वर्षात ही दरी सगळ्यात रुंद असते, म्हणून अल्प मुदतीसाठी हा मुद्दा मला बराच वजनदार वाटला.

जूनच्या शेवटी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि ती माझ्याकडे राहायला आली. आमच्या छोट्या गाडीची सीट खाली. आईला बसताना गुडघा पूर्ण वाकवावा लागायचा आणि उठताना दोघांनी धरावं लागायचं. वॉकर डिकीत मावत नसे, तो मागच्या सीटवर आडवा ठेवायचा. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा जायचं होतं, एका बाजूने १८ किलोमीटर. उंच सीटची गाडी हवी होती आणि सबस्क्रिप्शनमध्ये गाडी बदलून मिळते, हे मुळातच एक कारण होतं ती घेण्याचं.

विकत घेतलेली असती तर पाच महिन्यांत ती विकून दुसरी घ्यावी लागली असती, म्हणजे पहिल्या घसाऱ्याचा फटका दोनदा. लीजमध्ये तर अदलाबदलीचा मार्गच नव्हता, करार मोडायचा नाही तर दुसऱ्याच्या नावे करायचा. सबस्क्रिप्शनमध्ये तीन महिन्यांनंतर एकदा बदल, शुल्क ०.४. ऐकायला सोपं. मी अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकला आणि गाडी महिन्याच्या शेवटी मिळाली. मी निवडलेलं मॉडेल नव्हतंच, "त्याच वर्गातील समकक्ष" असा पर्याय आला. मी जाऊन आईला त्यात बसवून बघितलं आणि मगच होकार दिला. सीटची उंची कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

बदलाच्या अर्जासोबत आलेल्या कागदांत चार गोष्टी होत्या, आणि त्या आधी वाचल्या नसत्या तर नंतर काही करता आलं नसतं.

पहिली, दर. मोठ्या गाडीचा महिन्याचा दर ३.५, आणि तो माझ्या मूळ करारातल्या दरपत्रकाने नाही, बदलाच्या दिवशी चालू असलेल्या दराने.

दुसरी, मुदत. बदललेल्या गाडीला पुन्हा किमान सहा महिने. माझे पाच महिने झाले होते, पाच अधिक सहा अकरा, म्हणजे वर्षाच्या आत बसत होतं. हाच बदल नवव्या महिन्यात केला असता तर मी पंधरा महिन्यांना बांधली गेले असते.

तिसरी, डिपॉझिट. नव्या गाडीचं आधी भरायचं आणि जुन्याचं तपासणीनंतर परत, त्यामुळे जवळजवळ महिनाभर दोन्ही रकमा अडकल्या. आणि विमा वाहनाला जोडलेला असल्यामुळे जादा चालकाचं नाव आणि कमी केलेला डिडक्टिबल, दोन्ही आपोआप पुढे येत नाहीत. नव्या गाडीसाठी ते पुन्हा निवडावे लागले. बदलाच्या फॉर्मवर ते चौकोन रिकामेच आले होते.

चौथी, किलोमीटर. इथे ते अधोरेखित शब्द आले. हिशेब गाडी परत करताना होतो, आणि बदल करणं म्हणजे पहिली गाडी परत करणं. पाच महिन्यांचे माझे ६२५० किलोमीटर होते. मी ५१०० च फिरले होते, कारण दोन आठवडे मी गावी होते आणि कामही काही दिवस घरून केलं होतं. उरलेले ११५० कलमाप्रमाणे संपणार होते. दुसऱ्या गाडीवर मात्र फिजिओथेरपीचे महिन्याला तीनशेहून जास्त वाढणार होते. पुढच्या सात महिन्यांत मी हजार-दीड हजाराने वर जाणार, हे दिसतच होतं. म्हणजे एका गाडीवर उरलेले वाया आणि दुसऱ्या गाडीवर तेवढ्याचेच पैसे.

फोनवर विचारलं तर "सिस्टीममध्ये प्रत्येक गाडीचं खातं वेगळं असतं" हे उत्तर. मग ईमेल लिहिलं. करार माझ्याशी एकच आहे, तो बारा महिन्यांचा आहे, बदल ही त्याच कराराने दिलेली सोय आहे, तेव्हा १५,००० किलोमीटर दोन्ही गाड्यांवर मिळून धरावेत. आणि हे मान्य असेल तरच बदलाच्या फॉर्मवर सही करते, असंही लिहिलं. चार-पाच दिवसांनी करार विभागाकडून एका ओळीची पुरवणी आली: पहिल्या वाहनावरील शिल्लक ११५० कि.मी. दुसऱ्या वाहनाच्या मर्यादेत जमा. ती ओळ सहीच्या आधी मागितली म्हणून मिळाली असावी. बदल हवा असणं ही आपली गरज असते, पण मोठ्या गाडीचा जास्त दर ही त्यांचीही इच्छा असते, आणि बोलून घेण्याची वेळ तेवढीच.

त्याच वेळी मोठं पॅकेज घ्यावं का, हाही हिशेब पुन्हा केला. सात महिने ०.२५ म्हणजे १.७५. जादा किलोमीटर दीड हजार धरले तरी १.०५. शिल्लक जमा झाल्यावर तर प्रश्नच उरला नाही.

उंच गाडीत आई पहिल्या दिवशी एकटी बसली, वॉकर उभा डिकीत गेला. पुढचे महिने गाडीच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. सर्व्हिसिंगची तारीख कंपनीने कळवली, बदली गाडी दिली, बिल आलं नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला ओडोमीटरचा फोटो काढून ठेवत होते.

जानेवारीत कळलं की प्रकल्प आणखी निदान तीन वर्षं चालणार आणि मी त्यावर राहणार. तीस दिवसांची नोटीस लगेच दिली, कारण न दिल्यास करार महिन्या-महिन्याने, जास्त दराने आपोआप वाढणार होता. फेब्रुवारीच्या शेवटी गाडी परत केली. आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, पुन्हा तेच फोटो काढले. तपासणाऱ्याने टायरची नक्षी मोजली. कायद्याची किमान खोली बऱ्याच ठिकाणी १.६ मिलिमीटर असते, पण करारात ३ होती, हे आधी बघून ठेवा. माझी भरपूर होती. दाराच्या मुठीमागच्या नखांच्या बारीक खुणा पॉलिशने जाणाऱ्या म्हणून सामान्य वापरात धरल्या. समोरच्या बंपरवर खडीचे दोन टवके होते, तेही सोडले. अहवालाची प्रत तिथेच मागून घेतली.

दुसऱ्या गाडीवर १०,३०० झाले होते, एकूण १५,४००. मर्यादेवर ४००, त्याचे ०.२८. पुरवणी नसती तर १५५० चे १.०९ भरावे लागले असते. डिपॉझिटमधून ०.२८ कापून बाकी रक्कम तीन आठवड्यांनी आली.

एकूण खर्च असा झाला: पाच महिने १५, सात महिने २४.५, बदलाचे ०.४, घरपोच ०.५, कमी डिडक्टिबलचे वर्षाचे १.४४, ओरखड्याचे ०.८ आणि किलोमीटरचे ०.२८. जवळजवळ ४३. तीच मोठी गाडी सुरुवातीपासून विकत घेऊन वर्षाने विकली असती तर माझ्या गणिताने ४१ च्या थोडं वर, तेही ती अपेक्षित किमतीला आणि वेळेवर गेली असती तर. पण मार्चमध्ये मला मोठी गाडी लागणार हे माहीत नव्हतं आणि सहा महिन्यांत परत यावं लागणार नाही हेही. त्या अनिश्चिततेची किंमत दोन हिस्से पडली, ती मला पटली.

आता मुदत माहीत आहे, म्हणून मी सबस्क्रिप्शन वाढवलं नाही. तीन वर्षांसाठी पुन्हा लीज आणि खरेदी ताडून बघितली. लीज महिन्याला २.२५, खरेदी २.०६. लीजचा फायदा एवढाच की तीन वर्षांनी गाडीची किंमत पडली तर तोटा कंपनीचा, पण तोही करार बंद प्रकारचा असेल तर. खुल्या प्रकारात अंदाजापेक्षा कमी किंमत आली की फरक लीज घेणाऱ्याकडून वसूल करतात. मला मिळालेलं कोटेशन खुल्या प्रकारचं होतं, आणि वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा माझ्या वर्षभराच्या नोंदीपेक्षा कमी होती. मार्चमध्ये उंच सीटची, दोन वर्षं वापरलेली गाडी घेतली. पहिल्या वर्षाचा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला आहे, विमा माझ्या नावावर आहे, आणि पॉलिसीत नवऱ्याचं नाव घालायचं आहे का हे एजंटने विचारायच्या आधी मीच विचारून घेतलं.